टोपोशीट वाचायला कसं शिकवायचं? प्रमाण, प्रक्षेपण आणि समोच्च रेषा

भूगोलवाला_दर्यापूर

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकाबद्दल अनुभवी मंडळींचं मत हवं आहे. मुलांना १:५०,००० ची व्याख्या तोंडपाठ असते. पण पट्टी हातात देऊन "या दोन गावांत किती अंतर?" म्हटलं की हात थांबतो. समोच्च रेषांची तर आणखी पंचाईत. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला. आमच्या शीटवर कुठे कुठे हातभर अंतरात एकही समोच्च रेषा येत नाही, मग शिकवायचं कशावर?

तीन गोष्टी विचारतो. एक, प्रमाण, प्रक्षेपण आणि समोच्च रेषा यांचा क्रम कसा लावावा? पाठ्यक्रमात प्रक्षेपण आधी येतं आणि तिथेच मुलं गळतात. दोन, शीट एकच असते आणि मुलं चाळीस, त्यामुळे झेरॉक्सवर काम करावं लागतं, ते चालतं का? तीन, दोन तासिकांत संपेल असा एखादा सराव कुणी तयार केला असेल तर इथे द्यावा.

साखळी_आणि_फलक

सर, आधी झेरॉक्सचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

१:५०,००० ची मूळ शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटांची असते. आपल्या भागात, म्हणजे २१ अंश उत्तरेच्या आसपास, तिची उंची सुमारे ५५ सेंमी आणि रुंदी सुमारे ५२ सेंमी भरते. झेरॉक्सवाल्याकडे एवढा कागद नसतो, म्हणून तो तिचे तुकडे करतो किंवा लहान करून देतो. ए३ चा ए४ केला की प्रत ७१ टक्क्यांवर येते. खाली समासात मात्र १:५०,००० तसंच छापलेलं राहतं. त्या प्रतीचं खरं प्रमाण झालेलं असतं साधारण १:७०,७००.

मूळ शीटवर ७.२ सेंमी म्हणजे ३.६ किमी. लहान केलेल्या प्रतीवर तेच अंतर ५.१ सेंमी भरतं. मुलगा प्रामाणिकपणे ५०,००० ने गुणतो आणि त्याचं उत्तर येतं २.५५ किमी. त्याचं गणित बरोबर आहे, कागद खोटा आहे. म्हणून झेरॉक्सवर काम करताना अंकप्रमाण पेनाने खोडून टाका आणि फक्त रेषाप्रमाण वापरा. नकाशा जितका आकसतो तितकीच ती रेघही आकसते, म्हणून ती फसवत नाही. अट एकच, ती रेघ त्याच प्रतीवर, त्याच वेळी लहान झालेली असावी. दुसऱ्या कागदावरून कापून चिकटवलेली चालणार नाही.

कापूसपट्टा

पीडीएफ घरच्या प्रिंटरवर काढली तरी हेच होते. "पानात बसवा" हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, मग पाच-सात टक्के कमी होते आणि ते डोळ्यांना कळतही नाही. "मूळ आकार" निवडून छापावं. तरी मोजून पाहायचं.

भूगोलवाला_दर्यापूर

मोजून पाहायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं? रेषाप्रमाणाची रेघच तुकड्यात आली नाही तर?

साखळी_आणि_फलक

शीटवर दर ५ मिनिटांना अक्षांश-रेखांशाच्या खुणा असतात. २१ अंशांवर एक अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किमी. त्याचा बारावा भाग, म्हणजे ५ मिनिटं, ९.२ किमी. म्हणून मूळ शीटवर उत्तर-दक्षिण दोन खुणांमध्ये १८.४ सेंमीपेक्षा किंचित जास्त अंतर भरलं पाहिजे. १३ सेंमी भरलं तर समजा प्रत ७१ टक्क्यांची आहे. मुलांकडूनच हे करून घ्या: ९.२ किमीचे सेंटिमीटर करा, मोजलेल्या लांबीने भागा, आलेला आकडा हाच त्या कागदाचा खरा छेद. एवढं स्वतः केलं की प्रमाण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र पूर्व-पश्चिम खुणा या कामाला घेऊ नका. ते अंतर वेगळं असतं. का, ते प्रक्षेपणाच्या वेळी बोलू.

वावरातला_माणूस

मास्तर, समदं बरोबर हाय, पण माह्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडण सुरू हाय. हा टोपोशीट पाहून धुरा कोठून जाते ते समजंन का? सरकारी नकाशा हाय म्हणता तर कोर्टात चालंन.

रेवती_घाटंजी

दादा, नाही समजणार, आणि कारण ह्याच धाग्यात आहे. १:५०,००० वर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. छापलेली बारीक रेघ ०.२ मिमी जाडीची धरली तरी तिच्याखाली १० मीटर जमीन झाकली जाते. तुमचं भांडण बहुतेक हात-दोन हातांचं असेल. त्या शीटवर वावरांच्या हद्दी दाखवलेल्याच नसतात. तुम्हाला भूमी अभिलेख कार्यालयाकडून गट नकाशा आणि मोजणी लागेल. जुन्या गाव नकाशावर "१६ इंच = १ मैल" असं लिहिलेलं असेल तर त्याचं प्रमाण १:३,९६० होतं, म्हणजे टोपोशीटपेक्षा साधारण तेरा पट मोठं.

सर, हा प्रश्न वर्गात घेण्यासारखा आहे. "या नकाशावर धुरा का दिसत नाही?" असं विचारलं की बृहत्प्रमाण आणि लघुप्रमाण हा घोळ सुटतो. छेदातला आकडा जितका लहान तितकं प्रमाण मोठं आणि तपशील जास्त, हे मुलं एरवी हमखास उलटं लिहितात.

वावरातला_माणूस

बरं ताई. मंग मोजणीचाच अर्ज टाकतो.

सातपुडा_फिरस्ता

समोच्च रेषांसाठी मी सोपा नियम सांगतो. रेषा जवळजवळ म्हणजे उंच डोंगर, लांबलांब म्हणजे सखल भाग. एवढं आलं की निम्मं काम झालं.

रेवती_घाटंजी

फिरस्ता भाऊ, याच नियमामुळे पेपरात मार्क जातात. जवळ रेषा म्हणजे तीव्र उतार, उंचीशी त्याचा संबंध नाही. चिखलदऱ्याचंच घ्या. पठार हजार मीटरच्या वर आहे, पण वर सपाट असल्याने तिथे रेषा विरळ असतात. पठाराच्या कडेला, खाली दरीकडे उतरताना त्या एकमेकींना चिकटतात. तुमच्या नियमाने मुलगा पठाराला सखल भाग आणि कड्याला सर्वांत उंच जागा म्हणेल.

बेसॉल्टच्या प्रदेशात हा घोटाळा जास्त होतो. लाव्ह्याचे थर एकावर एक, काही कठीण, काही लवकर झिजणारे, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. नकाशावरही तसंच येतं: चार-पाच रेषांचा जुडगा, मग मोकळी जागा, पुन्हा जुडगा. उंची कळायला रेषेवरचा आकडाच वाचावा लागतो, दाटी पाहून अंदाज करता येत नाही.

सातपुडा_फिरस्ता

मान्य. उतार आणि उंची एकत्र केली मी. पण रेषा एकमेकींना छेदत नाहीत हे तरी पक्कं ना?

साखळी_आणि_फलक

छेदत नाहीत, पण एकमेकींवर येऊ शकतात. अगदी उभ्या कड्यावर त्या एकाच रेघेत मिसळल्यासारख्या होतात, म्हणून तिथे शीटवर कड्याचं वेगळं चिन्ह काढतात. पुढे झुकलेला कडा असेल तर तत्त्वतः छेदतीलही, पण ५० मीटर जिथे १ मिलिमीटरात येतात तिथे तो दाखवता येणं कठीणच.

मोर्शीकर

रेषा म्हणजे नेमकं काय हे दाखवायला उन्हाळ्यातलं अप्पर वर्धा धरण बघा. पाणी जसजसं उतरतं तसतसे काठावर ओल्या मातीचे पट्टे राहतात. प्रत्येक पट्टा म्हणजे त्या दिवशीची पाण्याची पातळी, आणि पाणी सगळीकडे सारख्याच पातळीला असतं. सपाट काठावर दोन पट्ट्यांत बरंच अंतर राहतं, उभ्या काठावर ते जवळ येतात. शिवाय जिथे नाला धरणाला मिळतो तिथे पट्टा नाल्याच्या आत, चढाच्या बाजूला शिरलेला दिसतो. नकाशावरचा व्ही आकार तोच. त्याचं टोक चढाकडे असेल तर नाला, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. धरणाचा फोटो आणि शीट शेजारी ठेवली की हा नियम पाठ करावा लागत नाही.

रेवती_घाटंजी

हे फार छान. फक्त सरांच्या मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. आपल्याकडचे बरेच नाले शीटवर निळे नसतात, काळे असतात. पावसाळा संपला की कोरडे पडणारे प्रवाह काळ्या रंगात दाखवतात. मुलं निळी रेघ शोधत बसतात, ती सापडत नाही, मग "या भागात जलप्रवाह नाही" असं लिहून मोकळी होतात.

आता सराव देते. शीट नसली तरी फळ्यावरून लिहून देता येईल असा आहे. नकाशा कल्पित आहे, पण ठेवण गाविलगडच्या दक्षिण उतारासारखी आहे: खाली मैदान, मग चढ, वर पठार.

प्रमाण १:५०,०००, समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. मैदानातलं गाव अ, बिंदू-उंची ३५२ मी. पठारावरचा माथा ब, बिंदू-उंची ५३१ मी. कागदाची सरळ कडा अ आणि ब वर ठेवायची, जिथे रेषा कडेला भेटते तिथे टोकदार पेन्सिलीने खूण करून शेजारी उंची लिहायची. अ पासून सेंटिमीटरमध्ये खुणा अशा येतात:

३६० – ०.६
३८० – २.०
४०० – ३.४
४२० – ४.४
४४० – ४.५५
४६० – ४.७
४८० – ४.८५
५०० – ५.०
५२० – ६.४
ब – ७.२

प्रश्न चार.
१) अ-ब सरळ अंतर आणि सरासरी उतार काढा.
२) ४२० ते ५०० या भागाचा उतार काढा.
३) छेद काढा. आडवं प्रमाण नकाशाचंच, उभं १ सेंमी = १०० मी.
४) अ गावातून ब दिसेल का?

उत्तरं मुद्दाम देत नाही, आधी कुणीतरी सोडवा.

कापूसपट्टा

मी करून पाहतो.
१) ७.२ × ५०० = ३,६०० मी. चढ १७९ मी. म्हणजे साधारण २० मीटरला १ मीटर.
२) ५ रेषा × २० = १०० मी. चढ. आडवं अंतर ०.६ सेंमी = ३०० मी. म्हणून ३ ला १.
४) दिसेल. मध्ये ब पेक्षा उंच काहीच नाही.

छेद नंतर काढतो.

साखळी_आणि_फलक

पहिलं बरोबर. दुसरं आणि चौथं चुकलं, आणि दोन्ही चुका नेहमीच्या आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्यात तुम्ही रेषा मोजल्या. चढ रेषांमध्ये नसतो, रेषांमधल्या जागेत असतो. ४२०, ४४०, ४६०, ४८०, ५०० या पाच रेषा, पण जागा चार. चढ ८० मी. ३०० ला ८०, म्हणजे पावणेचार मीटरला १ मीटर, सुमारे १५ अंश. पडताळा सोपा आहे: शेवटच्या उंचीतून पहिली वजा करा, ५०० वजा ४२०. रेषा मोजून उतार काढायची सवयच लावू नका, उंचीचे आकडे वजा करायला सांगा. दर पाचवी रेषा जाड असते, इथे ४०० आणि ५००. त्या जाड रेषांपासून सुरुवात केली तर आकडा शोधत फिरावं लागत नाही.

चौथ्यात "मध्ये उंच काही नाही" एवढं पुरत नाही. अ पासून ब पर्यंत नजरेची सरळ रेघ ओढा. ५.० सेंमीवर ती किती उंचीवर असेल? एकूण चढ १७९, त्याचा ७.२ पैकी ५ वाटा म्हणजे १२४. त्यात ३५२ मिळवा, ४७६ मी. पण तिथे जमीन आहे ५०० मी. पठाराची कड नजरेच्या रेघेपेक्षा २४ मीटर वर येते. ब दिसणार नाही.

उतार आधी मंद आणि मग एकदम तीव्र असेल, म्हणजे जमीन खोलगट असेल, तर वरचं दिसतं. तीव्र उतारानंतर वर मंद झाला, जमीन फुगीर झाली, तर कड आड येते. इथे खालचा भाग खोलगट आणि वरचा फुगीर आहे, म्हणून गावातून पठाराची कड दिसते, माथा दिसत नाही.

ढगाळ_दुपार

ब वर मोबाइलचा टॉवर उभा केला तर?

रेवती_घाटंजी

वा, पाचवा प्रश्न मिळाला. अ पासून कडेवरून जाणारी रेघ पुढे वाढवा. ५ सेंमीत १४८ मी. चढली, म्हणजे सेंटिमीटरला २९.६. मग ७.२ सेंमीवर चढ २१३ आणि उंची ५६५ मी. ब ची जमीन ५३१. म्हणून ३४ मीटरपर्यंतचा भाग दडलेला राहील. ४० मीटरचा टॉवर असेल तर वरचे ६ मीटर दिसतील. तेही कडेवर झाडं नसतील तर. समोच्च रेषा जमिनीची उंची सांगते, तिच्यावरच्या सागाची सांगत नाही.

ढगाळ_दुपार

आणि पृथ्वीची गोलाई?

साखळी_आणि_फलक

एवढ्या अंतरात सोडून द्या. अ पासून कड अडीच किमी, तिथून ब ११०० मीटर. गोलाईमुळे कडेजवळ फरक पडतो २० सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडे २० मीटरच्या रेषा आहेत. तीस-चाळीस किमीवरचं शिखर पाहायचं असेल तेव्हा ती धरावी लागेल.

कापूसपट्टा

छेद काढला. पण माझा कडा भिंतीसारखा उभा आला. १५ अंश म्हणालात, कागदावर पन्नासच्या वर दिसतात. काय चुकलं?

साखळी_आणि_फलक

काही चुकलं नाही. आडवं प्रमाण १:५०,०००, उभं १:१०,०००. म्हणजे उंची पाच पट ताणली. ८० ला ३०० चा उतार पाच पट झाला की कोन ५३ अंशांचा दिसतो. म्हणून छेदाखाली "उभी अतिशयोक्ती ५ पट" हे लिहिणं सक्तीचं करा, आणि छेदावर कोनमापक ठेवायला बंदी घाला. कोन नेहमी आकड्यांवरून काढायचा. मग ताणायचंच कशाला असं मुलं विचारतील. न ताणता काढलं तर १७९ मीटर म्हणजे साडेतीन मिलिमीटर, त्यात काही दिसणार नाही.

आणखी एक. काही मुलं खुणा पट्टीने सरळ जोडतात आणि छेद करवतीसारखा होतो. हाताने वळणदार जोडायला सांगा. मात्र माथ्यावर जाताना ५२० च्या वर किती न्यायचं ते बिंदू-उंची ठरवते.

सातपुडा_फिरस्ता

बिंदू-उंची दिली नसती तर माथा ५४० धरायचा ना? पुढची रेषा ५४० चीच असती.

रेवती_घाटंजी

पुढची रेषा नाही, हीच तर माहिती आहे. ५४० ची रेषा आलीच नाही म्हणजे माथा ५४० पेक्षा कमी. ५२० ची बंद रेषा आहे म्हणजे ५२० पेक्षा जास्त. उत्तर "५२० आणि ५४० च्या मधे" एवढंच लिहायचं. नेमका आकडा लिहिला तर तो अंदाज झाला.

यातच भूगोलवाला सरांच्या सपाट शीटचं उत्तरही आहे. २० मीटरचं अंतर असेल तर १५ मीटरची टेकाडी दोन रेषांच्या मधे पूर्ण दडू शकते. रेषा नाही म्हणून जमीन सपाटच आहे असं म्हणता येत नाही, फक्त चढउतार २० मीटरपेक्षा कमी आहे इतकंच कळतं.

भूगोलवाला_दर्यापूर

मग आमच्या शीटवर मुलांनी उतार शोधायचा कसा?

मोर्शीकर

मोठ्या अंतरावर शोधा सर. समजा दोन रेषा नकाशावर १२ सेंमी अंतरावर आहेत. ६ किमीला २० मीटर, म्हणजे ३०० ला १. हाही उतारच आहे, आणि पावसाळ्यात पाणी साचून का राहतं ते त्या आकड्यात दिसतं. बाकी नाल्यांची दिशा पाहा, फाटे कोणत्या बाजूला एकत्र येतात ते पाहा, बिंदू-उंची वाचा. बांध किंवा तटबंदीशेजारी आकड्यापुढे लहान इंग्रजी आर असतो, "५r" असा. ती सापेक्ष उंची, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासून ५ मीटर. मुलं ती समुद्रसपाटीपासूनची समजतात आणि मैदानात ५ मीटर उंचीचं गाव लिहून बसतात.

कापूसपट्टा

एक शंका राहिली. चढावरून चालताना खरं अंतर नकाशापेक्षा जास्त असतं ना? मग ३,६०० मीटर चूक नाही का?

साखळी_आणि_फलक

जास्त असतं, पण किती ते काढा. ३,६०० आणि १७९ यांचा कर्ण ३,६०४ येतो, चार मीटरचा फरक. कड्याच्या भागातही ३०० चे ३१० होतात, इतकंच. खरा फरक रस्त्याच्या वळणांमुळे पडतो. घाटरस्ता मोजायचा तर कागदाची कडा वळणावळणाला फिरवत लहान लहान सरळ तुकडे खुणवत जायचं. दोरा वापरतात, पण तो ताणला जातो आणि वळणावर सरकतो, म्हणून मला कागद बरा वाटतो. अ ते ब चा रस्ता असा ११.४ सेंमी भरला तर ५.७ किमी. सरळ अंतराच्या दीडपटीहून जास्त.

मोर्शीकर

दोऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ओला करून वापरला की सरकत नाही आणि मुलांना आवडतो. इथे आपलं जमणार नाही बहुतेक.

रेवती_घाटंजी

आता प्रक्षेपण. काका वर म्हणाले, पूर्व-पश्चिम खुणा वापरू नका. मी वर्गात तिथूनच सुरुवात करते. मुलांना शीटवरचा ५ मिनिटांचा चौकोन मोजायला सांगते. उभी बाजू १८.४ सेंमी, आडवी १७.३ च्या आसपास. दोन्हीकडे ५ मिनिटंच, मग बाजू सारख्या का नाहीत? रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येतात म्हणून. २१ अंशांवर एक रेखांश १०४ किमीचा, अक्षांश मात्र ११०.७ चा. नंतर पूर्ण शीटची वरची आणि खालची कडा मोजायला सांगते. वरची सुमारे १ मिलिमीटरने आखूड असते. एवढ्याशा फरकात गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याची सगळी अडचण मुलांच्या पट्टीखाली येते.

ढगाळ_दुपार

म्हणजे टोपोशीटवर अंतर मोजताना प्रक्षेपणाची दुरुस्ती करावी लागते?

साखळी_आणि_फलक

नाही. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेच्या शीट यूटीएम प्रक्षेपणावर आहेत. त्यात पट्ट्याच्या अगदी कडेलाही आपल्या अक्षांशावर चूक किलोमीटरला सुमारे ८० सेंटिमीटर. कागद दमट हवेत याहून जास्त ताणतो. प्रक्षेपणाचा त्रास होतो तो जगाच्या नकाशावर. मर्केटरमध्ये अंतर त्या अक्षांशाच्या कोज्येने भागल्याइतकं फुगतं. २१ अंशांवर ७ टक्के, ६० अंशांवर दुप्पट. म्हणून त्या नकाशाखाली छापलेलं एक प्रमाण सगळ्या कागदाला लागू होत नाही. ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किमी, भारत ३२.९ लाख, आणि नकाशात पाहा काय दिसतं.

पण विदर्भातल्या मुलांना यूटीएमचाही एक जिवंत धडा आहे. त्याचे पट्टे ६ अंशांचे, आणि ७८ अंश पूर्व रेखावृत्त ही ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा. ती आपल्या मधून जाते. अमरावती ४३ मध्ये, वर्धा-यवतमाळ ४४ मध्ये. अमरावतीचा पूर्व-निर्देशांक सुमारे ७,८६,००० मीटर येतो आणि यवतमाळचा सुमारे २,००,०००. यवतमाळ पूर्वेला असून आकडा लहान! कारण प्रत्येक पट्टा आपल्या मध्य रेखावृत्ताला ५,००,००० देऊन नव्याने मोजतो. कुणी मोबाइलवरचे हे दोन आकडे सरळ वजा केले तर नुसतं पूर्व-पश्चिम अंतरच ५८६ किमी येईल. प्रत्यक्षात दोन्ही शहरांमधलं सरळ अंतर सत्तरेक किमी आहे. आकड्याच्या आधी 43Q आहे की 44Q हे न पाहिल्याचा परिणाम.

मोर्शीकर

सर, माझं मत विचाराल तर प्रक्षेपण सगळ्यात शेवटी. आधी प्रमाण, मग समोच्च रेषा.

रेवती_घाटंजी

माझं उलट आहे. प्रमाण, लगेच चौकोन मोजून प्रक्षेपण, आणि मग समोच्च रेषा. पट्टी हातात असतानाच ते होऊन जातं. शेवटी ठेवलं की परत पाठांतरावर येतं.

भूगोलवाला_दर्यापूर

सगळ्यांचे आभार. पहिल्या तासिकेत झेरॉक्सचं खरं प्रमाण काढणं आणि ५ मिनिटांचा चौकोन, दुसरीत रेवतीताईंचा सराव टॉवरसकट, असं ठरवतो. जगाच्या नकाशाचा भाग वेगळ्या दिवशी घेईन. त्यामुळे मोर्शीकर आणि रेवतीताई दोघांचंही अर्धं अर्धं ऐकलं जाईल. एकच अडचण, चौकोन मोजायला झेरॉक्स चालेल का?

साखळी_आणि_फलक

दोन बाजूंचं गुणोत्तर पाहायचं असेल तर चालेल, कारण दोन्ही सारख्याच आकसतात. पण आधी खात्री करा. काही यंत्रं कागद ओढताना एकाच दिशेने किंचित ताणतात. प्रतीवर ग्रिडचा १ किमीचा चौकोन असेल तर त्याच्या दोन्ही बाजू मोजा. त्या सारख्या आल्या नाहीत तर तो दोष यंत्राचा, प्रक्षेपणाचा नाही. आणि शीटची वरची-खालची कडा मात्र मूळ कागदावरच मोजायला लावा, तो १ मिलिमीटर झेरॉक्सवर टिकत नाही.